यमकासाठी घुसलेले शब्द कसे पकडायचे आणि काढल्यावर काय करायचं?

प्रश्न: मी अष्टाक्षरीत कविता लिहितो. मित्र म्हणतात, यमक जुळवायला शब्द कोंबलेत आणि वाक्यं उलटीपालटी केलीत. मला मात्र वाचताना तसं काही जाणवत नाही. भरीचे शब्द नेमके ओळखायचे कसे? आणि एखादा काढला की अक्षरं कमी पडतात, मग त्याच्या जागी दुसरा तसाच शब्द येतो. एक कडवं देतो, त्यावरच सांगितलंत तर बरं:

गेलीस तू सोडून ही
वाट एकटी ती भारी
उभा अजून इथे मी
जुन्या घराच्या त्या दारी

उत्तर:

तुम्हाला जाणवत नाही याचं कारण बहुधा असं की तुम्ही कविता चालीत वाचता. अष्टाक्षरीला एक झोका असतो. तो एकदा लागला की जीभ रिकाम्या शब्दांवरूनही न अडखळता जाते. ज्याने कविता रचली त्याच्या कानात ही चाल कायमची बसलेली असते, त्यामुळे स्वतःची भर स्वतःला सापडणं सगळ्यात अवघड. मी गेली वीस-बावीस वर्षं इतरांच्या कविता तपासतो आहे आणि माझ्या स्वतःच्या कवितेत आजही पहिल्या वाचनाला मी फसतो.

एकदा एका बैठकीत मी एक ओळ वाचली होती, ‘चांदणे पाहून मी थांबलो होतो खरे’. पुढे ‘बरे’ होतं, त्याच्यासाठी हे ‘खरे’. एक वयस्क श्रोते शांतपणे म्हणाले, “थांबला नव्हतास असं कोण म्हणालं?” सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन ती वही काढली तेव्हा तीन कवितांत मिळून पाच ‘खरे’ निघाले. तोपर्यंत मला एकही दिसला नव्हता.

म्हणून चाल मोडून वाचायचं. त्यासाठी मराठीत एक जुनं हत्यार आहे, शाळेत आपण सगळ्यांनी ते वापरलंय आणि शाळा सुटल्यावर विसरलोय: अन्वय. श्लोकातले शब्द गद्याच्या क्रमाने लावून वाक्य लिहायचं. परीक्षेत तो दुसऱ्याच्या कवितेचा करायचा असतो. इथे स्वतःच्या कडव्याचा करायचा, तोही मनातल्या मनात नाही, कागदावर. नियम एकच. कवितेतला प्रत्येक शब्द वापरायचा आणि बाहेरून काही घ्यावं लागलं तर ते कंसात टाकायचं.

तुमच्या कडव्याचा अन्वय करायला बसलो तर पहिल्या दोन ओळींतच अडलो. ‘तू ही एकटी वाट सोडून गेलीस’ म्हणावं, तर ‘ती’ आणि ‘भारी’ हातात उरतात. ‘तू ही वाट सोडून गेलीस, ती भारी एकटी (आहे)’ म्हणावं, तर वाक्य बसतं, पण मग वाट आधीपासून एकटी होती की तिच्या जाण्याने एकटी झाली ते कळत नाही. माझा अंदाज आहे की तुम्हाला तिसरंच म्हणायचं होतं: तू गेलीस आणि वाट एकटी पडली. ते या शब्दांतून निघतच नाही. कवीलाच अन्वय एका पद्धतीने करता येत नसेल, तर शब्दक्रम नुसता फिरलेला नाही, त्याने अर्थ सांडलाय.

आता हातात उरलेले शब्द बघू. ‘ही’ आणि ‘ती’ दोन्ही त्याच वाटेला लागलेत. एक जवळचं दाखवतं, एक लांबचं. एकच वाट एकाच वेळी ही आणि ती असू शकत नाही, म्हणजे यातलं निदान एक फक्त अक्षर भरायला आलंय. शिवाय ‘ही’ ओळीच्या शेवटी आहे. तिथे वाचणारा थांबतो आणि त्याच्या कानाला ‘गेलीस तू सोडूनही’ असं ऐकू येतं, म्हणजे सोडून गेलीस तरीसुद्धा... पुढे काहीतरी ‘पण’ येणार अशी त्याची अपेक्षा होते. ते येत नाही. कागदावर ‘सोडून’ आणि ‘ही’ यांच्यात जागा सोडली तरी कानाला ती दिसत नाही.

हाच घोळ तिसऱ्या-चौथ्या ओळींत पुन्हा आहे. ‘इथे’ उभा आहे आणि ‘त्या’ दारी उभा आहे. दार तुमच्या पाठीशी असेल तर ते ‘या’ दारी हवं. आणि ‘दारी’ म्हटल्यावर जागा सांगून झाली, ‘इथे’ने ती दुसऱ्यांदा सांगितली. राहता राहिला ‘भारी’. तो कुठून आला हे उघड आहे: ‘दारी’ आधी सुचलं आणि त्याला जोडीदार हवा होता. वर आजच्या बोलण्यात ‘भारी’चा अर्थ ‘मस्त’ असाही होतो, त्यामुळे एखादा तरुण वाचक त्या ओळीवर हसेल ते वेगळंच.

हिशेब करा. ही, ती, भारी, इथे, त्या. अक्षरं अनुक्रमे 1, 1, 2, 2, 1. एकूण 7. कडव्यात सगळी मिळून 32 अक्षरं आहेत. म्हणजे चार ओळींपैकी जवळजवळ एक अख्खी ओळ रिकामी आहे आणि ती चारही ओळींत पसरल्यामुळे लपलीय. मित्रांना ‘कोंबलंय’ असं वाटलं, पण बोट ठेवता आलं नाही, ते यामुळेच.

भरीचे शब्द कोणते याची पक्की यादी देता येत नाही, पण माझ्या अनुभवात संशयित तेच ते असतात. पहिली दर्शक सर्वनामं, तो-ती-ते-त्या, कारण ती कुठल्याही नामापुढे एका अक्षरात बसतात. दुसरी कुठेही चिकटणारी विशेषणं आणि क्रियाविशेषणं, भारी, सारी, न्यारी, सदा, फार. तिसरे ‘च’, ‘ही’, ‘ना’. आणि चौथे थोडे लपलेले: जुनी रूपं. सगळी कविता आजच्या बोलीत चाललेली असताना मध्येच ‘मजला’ आलं, की समजायचं ‘मला’ची दोन अक्षरं कमी पडली आणि तीन हवी होती. ‘झाले’चं ‘जाहले’ होतं तेही तसंच. मात्रावृत्तात ‘हसते’चं ‘हासते’ होतं, एक मात्रा वाढवायला. हे शब्द वाईट नाहीत. कविता पहिल्यापासून त्या भाषेत बोलत असेल तर ते शोभतात. एकुलता एक आला तर तो ठिगळासारखा दिसतो.

हे शब्द प्रत्येक वेळी काढायचेच असं मात्र नाही, ते कवितेवर आणि ती कुठे वापरायची त्यावर अवलंबून आहे. संस्कृतात च, वै, तु, हि यांना पादपूरणार्थक म्हणून राजरोस मान्यता होती. आपल्या ओवीतला ‘गं’ आणि ‘बाई’ हे तर भर नव्हेतच. कोण कोणाशी बोलतंय ते त्या एका शब्दाने कळतं. बालगीतात ‘हो’ आणि ‘रे’ने ताल धरला जातो. चालीवर गाण्यासाठी लिहिलेलं गीत असेल तर सुराला टेकायला एखादा रिकामा स्वर लागतो, संगीतकार स्वतःहून तो मागतो. तुमचं कडवं मात्र वाचायचं आहे, शांत आहे, एका माणसाने एका माणसाला उद्देशून बोललेलं आहे. तिथे प्रत्येक रिकामा शब्द ऐकू येतो.

संशयित शब्द खरंच भरीचा आहे का, हे ठरवायला मी दोन गोष्टी करतो. एक म्हणजे तो गाळून वाक्य मोठ्याने म्हणतो. अर्थ बदलला नाही आणि सूरही बदलला नाही, तर तो गेला. सूर महत्त्वाचा. ‘मी येईन’ आणि ‘मी येईनच’ यांत माहिती तीच आहे, पण माणूस वेगळा आहे. दुसरी गोष्ट फक्त यमकाच्या शब्दांसाठी: जोडीतला एक शब्द बोटाखाली झाकायचा आणि स्वतःला विचारायचं, हा समोर नसता तर दुसरा मी लिहिला असता का? ‘दारी’ झाका. ‘वाट एकटी’ला पूर्ण करायला जगातले सगळे शब्द मोकळे असताना ‘भारी’ कोणी घेईल? आता उलटं करा, ‘भारी’ झाका. ‘दारी’ तरीही येईल, कारण उभं राहायची जागा तीच आहे. म्हणजे जोडीतला खरा शब्द ‘दारी’, पाहुणा ‘भारी’.

आता शब्दक्रमाबद्दल, कारण इथे बरेच जण उगाच घाबरतात. मराठीत शब्दांना विभक्ती असते, त्यामुळे क्रम हलवायला भरपूर मोकळीक आहे. बोलतानाही आपण हलवतो. ‘आला एकदाचा पाऊस’, ‘संपलं सगळं’, ‘दे इकडे ते’. क्रियापद आधी आलं की भावना आधी आली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ‘क्रियापद शेवटी नाही, सबब क्रम चुकला’ असा नियम करू नका. तुमची तिसरी ओळ ‘उभा अजून इथे मी’ उलटी आहे, पण मला ती खटकत नाही. थकलेला माणूस असंच बोलेल. माझी कसोटी इतकीच आहे: हे वाक्य कोणी, कुठल्या तरी सुरात, खरोखर म्हणेल का? आणि म्हणेल तर तो सूर माझ्या कवितेचा आहे का?

दुसरा प्रश्न लोक विसरतात. एक उदाहरण देतो. समजा ओळी अशा आहेत:

तुझा शब्द आहे मला
अजूनही आठवत

‘आठवत आहे’ हे तोडून ‘आहे’ पुढे आणलंय. असं कोणी बोलतं का? बोलतं की. ‘आहे मला आठवत!’ पण ते कधी बोलतं? समोरचा म्हणाला, ‘विसरलास तू’, तेव्हा. ‘आहे’ आधी आलं की मराठी कानाला ते प्रत्युत्तर वाटतं, भांडणातलं. कविता हळवी असेल तर तिच्यात नकळत एक वाद शिरला. क्रम व्याकरणात बसतो, सुरात बसत नाही.

काही हालचाली तर सूर नाही, थेट अर्थच बदलतात, आणि त्या अक्षरं मोजण्याच्या नादात सहज होतात. ‘जुने घर’ हे वर्णन आहे, ‘घर जुने’ हे विधान आहे, घर जुनं आहे असं. गाण्यांनी आपला कान ‘रात्र काळी’सारख्या रचनेला सरावलाय, त्यामुळे तिथे खपून जातं, पण दर वेळी खपेल असं नाही. ‘जुन्या घराच्या दारी’मध्ये घर जुनं आहे. अक्षरं बसवताना ते ‘घराच्या जुन्या दारी’ झालं, तर आता दार जुनं झालं. आणि ‘च’ तर ज्याला चिकटेल त्यालाच जोर देतो. ‘मीच उभा’ म्हणजे दुसरं कोणी नाही, ‘उभाच मी’ म्हणजे बसलो नाही. एक अक्षर हवं म्हणून ‘च’ कुठेही लावला तर ओळ भलत्याच गोष्टीवर ठासून बोलते.

तुम्ही लिहिलंय की एक शब्द काढला की दुसरा तसाच येतो. ते होणारच, कारण तुम्ही फक्त खड्डा बुजवताय. ‘जुन्या घराच्या त्या दारी’मधून ‘त्या’ काढलं, अक्षरं उरली सात. एक हवं. हाताशी काय आहे? ‘च’. ‘जुन्या घराच्याच दारी’. झाली आठ. पण आता ती ओळ म्हणते, दुसऱ्या कुठल्या घराच्या नव्हे. अशी शंका कोणी घेतलीच नव्हती. एक अक्षर कमी पडलं की हात एकअक्षरी शब्दाकडेच जातो, आणि मराठीतले एकअक्षरी शब्द बहुतेक अव्ययं नाही तर सर्वनामं. म्हणून माझा सल्ला: एक अक्षर कमी असेल तर एक अक्षर शोधू नका, शेजारचा शब्दही काढा आणि जागा मोठी करा.

इथे शेजारी ‘जुन्या’ आहे. तो भरीचा नाही, त्याला अर्थ आहे, पण घर म्हटलं की ‘जुनं’ हे हात सवयीने लिहितो. ‘जुन्या’ची दोन आणि ‘त्या’चं एक, तीन अक्षरं मोकळी झाली. तीन अक्षरांत घराबद्दल काय सांगता येईल जे वाचकाला अजून माहीत नाही? मी थोडा वेळ बसलो आणि मला मिळालं ‘आपल्या’.

आपल्या घराच्या दारी

आठ अक्षरं भरली, आणि जी व्यक्ती गेलीय तिच्याशी बोलताना ‘आपल्या’ म्हणणं, म्हणजे ते घर अजूनही दोघांचं मानणं. ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ नाही. मराठीत ‘आपण’मध्ये समोरचा माणूस धरलेला असतो, ‘आम्ही’त नसतो. कडव्यात आतापर्यंत नातं कुठेच नव्हतं, ते या एका शब्दात आलं. काढलेल्या शब्दांची जागा ही अशी वापरायची असते.

आता ‘भारी’. ‘दारी’ ठेवायचं ठरवलं तर त्याला खरा जोडीदार हवा. कागद घ्या आणि ‘आरी’ने संपणारे शब्द लिहून काढा. पहिले चार-पाच नक्की सारी, न्यारी, प्यारी, भारी असे येतील. ते पहिले येतात कारण कुठेही बसतात, आणि कुठेही बसणारा शब्द कुठलाच नसतो. ते सरळ खोडा. मग नामं आणि क्रियाविशेषणं यायला लागतात: दुपारी, किनारी, शेजारी, तयारी, उधारी, माघारी. माझ्या अनुभवात कामाचा शब्द यादीत सातवा-आठवा सापडतो, त्याआधी क्वचित.

माझी पहिली उडी ‘माघारी’वर पडली. गेलेल्या माणसाच्या गोष्टीत हा शब्द चपखल वाटला. लिहिलं:

न सांगता तू गेलीस
पाहिलेस ना माघारी

म्हणायचं होतं, मागे वळून पाहिलं नाहीस. आठ अक्षरांत ‘नाहीस’ मावेना, म्हणून ‘ना’ केलं. मोठ्याने वाचल्यावर लक्षात आलं की ‘पाहिलेस ना?’ म्हणजे मराठीत बरोबर उलटं, पाहिलंस, हो की नाही? ओळीने माझ्या अर्थाला कोलांटी मारायला लावली. शिवाय ‘मागे वळून पाहणं’ हा प्रयोग आहे. ‘माघारी’ म्हणजे मुख्यतः परत, किंवा गैरहजेरीत. ‘माघारी येणं’ म्हणतात, ‘माझ्या माघारी’ म्हणतात. एक भरीचा शब्द काढायला गेलो आणि दोन चुका आणल्या. नकार आखडून ‘ना’ करण्याचा मोह फार होतो. दर वेळी ओळ प्रश्नासारखी ऐकू येतेय का ते बघा.

मग ‘दुपारी’ घेतलं:

काहीच न सांगता तू
गेलीस भर दुपारी
अजून मी उभा आहे
आपल्या घराच्या दारी

चारही ओळी मोजून बघा, प्रत्येकी आठ. मोजताना एक लक्षात ठेवा, ‘गेलीस’ आणि ‘भर’ बोलताना शेवटचा ‘अ’ आपण गिळतो, पण छंदात ‘स’ आणि ‘र’ पूर्ण अक्षर म्हणून धरतात. बरेच नवे कवी कानाने मोजतात, त्यांना ओळ आखूड वाटते आणि ते एक ‘ती’ किंवा ‘हो’ घालून टाकतात. काही वेळा भर यमकासाठी नसतेच, चुकीच्या मोजणीतून आलेली असते.

याचा अन्वय: ‘तू काहीच न सांगता भर दुपारी गेलीस. मी अजून आपल्या घराच्या दारी उभा आहे.’ कंस लागला नाही, काही उरलं नाही. मुख्यतः ‘गेलीस’ आणि ‘उभा आहे’ ही क्रियापदं जागेवरून हललीत, आणि ‘गेलीस भर दुपारी’ ही तक्रार माणूस त्याच क्रमात करेल. ‘काहीच’मधला ‘च’ मी गाळून बघितला. ‘काही न सांगता’ थंड वाटतं. दुखावलेला माणूस ‘काहीच’ म्हणतो. म्हणून तो ठेवला.

पण इथे मी तुमच्या कडव्यात एक नवीन गोष्ट घुसवलीय, दुपार. ती तुमची नाही, यमकाची आहे. यमकाने आणलेली गोष्ट प्रत्येक वेळी तपासायची: हे खरं आहे का, किंवा कवितेत खरं होऊ शकतं का? तुमच्या मनातला प्रसंग रात्रीचा असेल, किंवा पुढच्या कडव्यात चांदणं असेल, तर ‘दुपारी’ हा सुद्धा भरीचाच शब्द, फक्त जास्त सुबक. ते तुम्हालाच ठरवावं लागेल, मला बाहेरून सांगता येणार नाही.

आणि एक गोष्ट हरवली, तुमची एकटी वाट. मला वाटतं कडवं सुचलं ते त्या प्रतिमेमुळे. तुम्हीही तिच्यासाठी अडून बसाल तर रस्ता दुसरा आहे: ‘दारी’ सोडून द्या. ‘एकटी’ हा तुमच्या कडव्यातला सगळ्यात वजनदार शब्द आणि तो ओळीच्या मधोमध दबलाय, शेवटची जागा ‘भारी’ने बळकावलीय. यमकाच्या जागेवर कान सगळ्यात जास्त वेळ थांबतो. तिथे वजनदार शब्द बसवायचा. ‘कटी’ने संपणारे शब्द फार नाहीत, मला जमण्याजोगा ‘चौकटी’ मिळाला.

तू गेलीस आणि वाट
एका क्षणात एकटी
भिंतीवर उरलेल्या
रिकाम्या दोन चौकटी

इथे आधी म्हणालो होतो तो अर्थ सरळ आला, तू गेलीस आणि वाट एकटी पडली. ‘पडली’ नाही म्हणून बिघडत नाही, मराठीत क्रियापदाशिवाय असं वाक्य उभं राहतं. भिंतीवरच्या चौकटीतली चित्रं किंवा फोटो कोणी काढून नेले हे सांगावं लागत नाही. पण दारात उभे असलेले तुम्ही यातून गेलात. आधीच्या कडव्यात माणूस होता, वाट नव्हती. इथे वाट आहे, माणूस नाही. दोन्ही एकाच कडव्यात बसवायला गेलात तर 32 अक्षरांत गर्दी होईल आणि मग पुन्हा शब्द आखडावे लागतील. एक पुढच्या कडव्यात न्या.

एक वेगळं निरीक्षण, कारण तुमच्या बाबतीत तेही घडलं असण्याची शक्यता आहे. मराठी वाक्य स्वभावतः क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘गेली-आली-झाली’ हे यमक फुकट मिळतं. नवीन कवींना कोणीतरी सांगतं, क्रियापदांचं यमक टाळा, ते आळशी असतं. सल्ला चुकीचा नाही. पण तो ऐकून लोक क्रियापद उचलून ओळीच्या मध्ये ढकलतात आणि रिकाम्या झालेल्या शेवटाला ‘ती’, ‘भारी’, ‘खरे’ लावतात. आधीचं यमक निदान सरळ बोलत होतं. दोन्हींतलं एकच निवडायची वेळ आली तर मी सरळ वाक्य आणि साधं यमक घेईन. पुढच्या खर्ड्यात यमक सुधारता येतं, मोडलेलं वाक्य सुधारायला मात्र बहुतेक वेळा कडवंच नव्याने लिहावं लागतं.

हे सगळं अष्टाक्षरीसाठी सांगितलं, कारण तिथे फक्त अक्षरं मोजायची असतात आणि यमक बहुधा दुसऱ्या-चौथ्या ओळीत असतं. मात्रावृत्तात लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा, त्यामुळे एका गुरूच्या जागी दोन लघू घेता येतात, पर्याय थोडे वाढतात. अक्षरगणवृत्तात कुठल्या जागी लघू आणि कुठे गुरू हे ठरलेलं असतं, तिथे पर्याय झपाट्याने कमी होतात आणि भर काढताना अख्खी ओळ नव्याने लिहावी लागते. गझलेत काफिया शेवटपर्यंत एकच चालवायचा असतो, म्हणून चौथ्या-पाचव्या शेरापासून काफियाचे शब्द नुसते वापरून संपवलेले दिसतात. तिथे उपाय साधा आहे, शेर कमी ठेवा.

तुमच्या बाकीच्या कडव्यांना हेच करून बघा. आधी कागदावर अन्वय, मग उरलेल्या शब्दांची अक्षरं मोजा. नंतर प्रत्येक यमकाच्या जोडीत आधी सुचलेला शब्द कोणता हे आठवा आणि त्याच्या जोडीदाराकडे संशयाने बघा. जमलं तर कविता दुसऱ्या कोणाला तरी, आधी न दाखवता, मोठ्याने वाचायला द्या. आपण पेन्सिल घेऊन बसायचं आणि तो जिथे अडखळेल किंवा शब्द पुन्हा वाचेल तिथे फक्त टिंब करायचं, मध्ये बोलायचं नाही. बहुतेक टिंबं अन्वयात उरलेल्या शब्दांवरच पडतात.

आणि हो, मी लिहिलेल्या दुसऱ्या कडव्यातलं ‘एका क्षणात’ मला अजून खटकतंय. गाळून वाचलं तर ‘तू गेलीस आणि वाट एकटी’, काहीच कमी होत नाही. पाच अक्षरांची जागा आहे. ती वाट कुठली, कशी, हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही, तेव्हा तिथे काय घालायचं ते तुम्ही बघा.